उमरेड रोडनं नागभीडला जाताय? ट्रकच्या उजव्या इंडिकेटरवर भरवसा ठेवू नका

गेल्या रविवारी सकाळी दिघोरी चौकातनं निघालो, नागभीडला मावशीकडे. उमरेडपर्यंत मजेत गेलो, खरी गंमत भिवापूरच्या पुढे, जिथे मधे डिव्हायडर नव्हता.

समोर धानाच्या पोत्यांचा ट्रक, पन्नासच्या आसपास. मी डिपर मारला, त्याने उजवा इंडिकेटर लावला, मला वाटलं जा म्हणतोय, आपल्याकडे तसंच समजतात ना. गाडी बाहेर काढली आणि ट्रकची केबिन माझ्याकडेच वळायला लागली! उजवीकडे पेट्रोल पंप होता, त्याला खरंच वळायचं होतं. कचकचून ब्रेक मारला, हातभर अंतरावर थांबलो, बायको पाच मिनिटं काही बोललीच नाही.

पंपावर ड्रायव्हर काका उतरले, म्हणाले, "भाऊ, मी तं वळत होतो, तू कायले घुसला?" बरोबरच होतं त्यांचं. उजवा इंडिकेटर म्हणजे मी उजवीकडे जातोय, कायद्यात एवढाच अर्थ. कोणी "जा" म्हणून लावतो, कोणी "थांब, समोरून गाडी आहे" म्हणून, कोणी लावून विसरलेला असतो, तिन्ही रस्त्यावरचे रिवाज. मागच्याला पुढे जा सांगायची हाताची खूण मात्र १९८९ च्या रस्ते नियमांत होती, उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे अर्धगोलात हलवायचा. पण रस्ता मोकळा आहे की नाही ते बघायचं आपणच. चुकीच्या ओव्हरटेकवर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागू शकतं, पहिल्या वेळी १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही, आणि तिथे "त्याने इंडिकेटर दिला होता" हे काही कामाचं नाही.

मग करायचं काय? इंडिकेटर दिसला की आधी उजवीकडे पंप, ढाबा, शेताची वाट आहे का बघा. ट्रक मधल्या रेषेकडे सरकतोय किंवा ब्रेक लाइट लागलाय, तर तो वळतोय. डाव्या कडेला दाबून एकसारखा चालला असेल तरच पुढचा विचार. पन्नासच्या ट्रकला सत्तरने ओलांडायला साधारण नऊ सेकंद, म्हणजे पावणेदोनशे मीटर लागतात, समोरचाही सत्तरने येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. साडेतीनशे मीटर रिकामे दिसत नसतील तर मागेच राहा.

डिपरचंही तसंच. समोरच्याचा डिपर "या" नाही, बहुतेक वेळा "मी येतोय, थांब" असतो. आणि तो दिला म्हणून त्यालाही आधी जायचा हक्क मिळत नाही.

परतताना पाऊस लागला, तर निम्म्या कार चारही इंडिकेटर लावून पळत होत्या. त्यातली एक उमरेडजवळ अचानक डावीकडे वळली, कुठे वळतेय ते कळणार कसं बे, दोन्हीकडचे लुकलुकतायत की!