बोलके कपडे

खाकी हा शब्द आला फारसीतल्या ‘खाक’वरून, म्हणजे धूळ. मे महिन्यात प्राणी-पक्षी बघायला ताडोबाच्या रानात गेलं की हे नाव किती नेमकं आहे ते पटतं. साग निष्पर्ण, गवत वाळलेलं, रस्त्यावर फुफाटा. खाकी शर्ट त्यात विरघळून जातो. तोच शर्ट जुलैत आंबोलीच्या ओल्या, हिरव्या अंधारात मात्र फिक्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. तिथं शेवाळी किंवा गडद मातकट रंग बरा.

रंग निवडताना आपले डोळे मात्र फारसे कामाचे नाहीत. चितळाला लाल आणि हिरवा यांत फारसा फरक दिसत नाही, म्हणूनच तर केशरी वाघ गवतात खपून जातो. निळा त्याला चांगला दिसतो. आणि रानात जाताना निम्मे लोक काय घालून येतात, तर निळी जीन्स! डास आणि गोमाशाही गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढल्या जातात, म्हणजे एकाच पँटमध्ये दुहेरी तोटा. पक्ष्यांना लालही दिसतो आणि त्यांतल्या अनेकांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात.

इथं धुलाईची पावडर घात करते. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून बहुतेक पावडरींत चमक आणणारं रसायन असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. खाकी शर्टवर आपल्याला ते कळत नाही. नोटा तपासायचा अतिनील दिवा अंधारात त्याच्यावर धरा. निळसर उजळला तर त्यात ते रसायन मुरलंय. एकदा मुरलं की सहज जात नाही, म्हणून रानातला जोड वेगळा ठेवावा आणि पहिल्यापासून रिठ्यानं धुवावा. आठ-दहा रिठे फोडून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवले की एका जोडाचं काम भागतं. आजीची नीळ यात निर्दोष आहे, ती नुसता रंग देते, उजळत नाही. पण निळ्याचं वर सांगितलंच.

रंगाइतकाच आवाज महत्त्वाचा, तरी दुकानात कपड्याला कान लावून बघणारा गिऱ्हाईक विरळाच. विंडचीटरचं कापड घट्ट आणि लेप दिलेलं असतं. बाही अंगावर घासली की सर्र असा उंच, कोरडा आवाज निघतो, आणि दुर्बीण डोळ्याला लावताना बाही घासतेच. नवं कोरं किंवा खळ घातलेलं सुती कापडही कुरकुरतं; चार धुण्यांनंतर ते गप्प होतं. कॉर्डुरॉय मऊ असतं खरं, पण चालताना मांडीवर मांडी घासून सरसरतं. घरी रात्री सगळं सामसूम झाल्यावर जोड घालून उकिडवं बसा, उठा, हात डोळ्यांपर्यंत न्या. तेव्हा जे ऐकू येईल ते झाडावरच्या तांबट पक्ष्यालाही ऐकू येईल.

मऊ कापडाची किंमत मोजावी लागते ती दिवाळीनंतर, माळावर. कुसळं लोकरीत, विणलेल्या जॉगरमध्ये आणि मोज्यांत रुततात आणि चालता चालता आत सरकतात. गुळगुळीत, दाट विणीचं पॉपलिन त्यांना फारसं धरू देत नाही, पण जाड पॉपलिन थोडं बोलतं. यावर पक्का उपाय नाही. वरचा शर्ट मऊ, पँट गुळगुळीत पॉपलिनची, अशी तडजोड करावी.

जीपमधून उतरायचं नसेल तर बुटांचा विचार फारसा नको. पायी फिरायचं असेल तर सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडतात. जाड तळाच्या ट्रेकिंग बुटाखाली काटकी आली तर ती मोडेपर्यंत पावलाला कळत नाही. पातळ, मऊ रबरी तळाच्या कॅनव्हास बुटात ती आधीच जाणवते आणि पाऊल मागे घेता येतं. तळ ओला झाला की काही बूट खडकावर चिवचिवतात, तेही घरच्या फरशीवर पाणी टाकून बघावं. गमबूट पावसात उपयोगी, पण पोटरीवर फटफटतात.

गोचीड मात्र कुठल्याच आवाजाला भीत नाही. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडताप पसरला तो गोचिडीतूनच, म्हणून डिसेंबर ते मे तिकडच्या रानात पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. तिची पिल्लं खसखशीएवढी असतात. फिक्या खाकीवर ती चढताना दिसतात, गडद पँटवर नाही. अर्धा टक्का पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर फवारून पूर्ण वाळवायचं. अंगाला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओला कपडा तिच्यापासून दूर. कीटक दूर ठेवायला अंगाला लावायचं डीट हे रसायन दुर्बिणीच्या प्लॅस्टिकला आणि रबराला खातं, म्हणून ते तळहाताला लागू देऊ नये.

आणि खिशांचं वेल्क्रो. इतका शांत जोड जमवूनही खिशातून वही काढताना ते खर्रकन फाटल्यासारखं वाजतं. शिंप्याकडून ते उसवून साधी बटणं लावून घ्यावीत.