ऑटोपे बंद केला, पण खेळण्यांचं भाडं चालूच राहिलं

जर्मनीतल्या ब्रेमेनहून मी १२ डिसेंबरला पुण्यात औंधला पोचले. बॅगा हॉलमध्येच होत्या, चहा झाला होता, आणि सायली मोबाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. सायली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. म्हणाली, "ताई, तुम्ही हे जरा वाचता का? मला काही कळतच नाहीये."

मेसेज होता खेळणी भाड्याने देणाऱ्या कंपनीचा. तुमची अनामत रक्कम संपली आहे, खेळणी लगेच परत करा, नाहीतर त्यांची पूर्ण किंमत आकारली जाईल.

सायली रडकुंडीला आली होती, कारण तिच्या समजुतीप्रमाणे हे सगळं तिने नोव्हेंबरमध्येच बंद केलं होतं. आमचा कबीर ऑक्टोबरात चार वर्षांचा झाला. दर महिन्याला तीन खेळण्यांचा बॉक्स यायचा, भाडं १,५०० रुपये, सुरुवातीला भरलेली अनामत ३,००० रुपये. शेवटच्या बॉक्समध्ये लाकडी आकारांची पेटी, चोवीस तुकड्यांचं जमिनीवर मांडायचं कोडं आणि रुळांसकट आगगाडी होती. पैकी आकारांची पेटी कबीर अर्ध्या मिनिटात भरायचा, मग ती उलटी करून तिच्यावर उभा राहायचा आणि ओट्यावरची लसणाची परडी गाठायचा. जे खेळणं मूल पाहता पाहता संपवतं आणि मग स्टूल म्हणून वापरतं, त्याचं वय सरलं. सायलीला ते बरोबर कळलं होतं, चूक तिथे झालीच नाही.

चूक पुढच्या पायरीवर झाली. ३ नोव्हेंबरला तिने यूपीआय ॲप उघडलं, ऑटोपेच्या यादीत कंपनीचं नाव शोधलं आणि ते रद्द केलं. लगेच पुष्टीचा मेसेजही आला. दर महिन्याच्या ७ तारखेला पैसे जायचे, ते जाणं थांबलं. बॉक्स बाल्कनीतल्या कपाटावर गेला आणि विषय संपला असं तिला वाटलं.

आता यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून त्या एकच वाटतात. ऑटोपे म्हणजे आपण बँकेला दिलेली परवानगी, की या कंपनीने मागितले की माझ्या खात्यातून पैसे दे. ती परवानगी आपण कधीही काढून घेऊ शकतो, त्यासाठी कंपनीला विचारावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, तीही आपल्याला सावध करण्यासाठीच. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीशी असलेला करार, म्हणजे सभासदत्व. ते कंपनीला कळवूनच बंद होतं. आणि तिसरी, घरात असलेली वस्तू. ती कंपनीच्या ताब्यात परत जाईपर्यंत बहुतेक भाडेकरारांत भाडं मोजलं जातं. सायलीने पहिली गोष्ट केली होती, उरलेल्या दोन राहिल्या होत्या. ७ नोव्हेंबरला पैसे आले नाहीत म्हणून कंपनीने ते अनामतीतून वळते केले, ७ डिसेंबरला परत तेच. ३,००० संपले.

मला हे लगेच समजलं याचं कारण ब्रेमेन. तिकडे आल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या लेकीच्या खेळण्यांच्या बॉक्सची रक्कम मी बँकेतून परत घेतली होती. युरोपात खात्यातून थेट वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येते. पैसे दोन दिवसांत आले, आणि पंधरा दिवसांनी कंपनीचं स्मरणपत्र आलं, वर स्मरणपत्राचा खर्चही. करार जिवंत होता ना! तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की आधी करार संपवायचा, मग वस्तू परत द्यायची, पैशाची परवानगी सगळ्यात शेवटी काढायची. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेतलेल्या अशा वर्गणीसाठी वेबसाइटवर करार रद्द करण्याचं बटण ठेवणं सक्तीचं आहे. ते दाबलं की रद्द केल्याची तारीख, वेळ आणि करार कधी संपतो हे लिहिलेली पोच लगेच ईमेलवर यावी लागते. ती पोच हातात असली की माणूस निवांत झोपतो.

आपल्याकडे असं बटण सक्तीचं नाही, पण हात अगदीच बांधलेले नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक थेट वर्गणीचा सापळा, म्हणजे बंद करणं अशक्य किंवा मुद्दाम किचकट करून ठेवणं. मी सायलीला म्हटलं, आधी कंपनीशी सरळ बोलू, नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच. तो लावावा लागला नाही.

१४ डिसेंबरला आम्ही एक छोटा ईमेल लिहिला. फोनवर सायली दोनदा बोलली होती, पण फोनचा पुरावा कोण देणार? ईमेलमध्ये चारच गोष्टी होत्या. आजपासून सभासदत्व बंद करावं. तिन्ही खेळणी परत द्यायला तयार आहेत, नेण्याची तारीख द्यावी. ७ डिसेंबरपासूनचं भाडं पूर्ण महिन्याचं न लावता खेळणी नेण्याच्या दिवसापर्यंतचंच लावावं. उरलेली अनामत कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत येईल ते कळवावं. नोव्हेंबरचं भाडं आम्ही मागितलंच नाही. तो महिनाभर खेळणी आमच्याकडे होती, दुसऱ्या कोणाला देता आली नाहीत, ते पैसे त्यांचेच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: १९ तारखेला माणूस येईल, भाडं दिवसावर मोजू.

मग चार दिवस आमचे खेळणी जमवण्यात गेले. बॉक्समधल्या यादीप्रमाणे रुळाचे अठरा तुकडे होते. निघाले पंधरा. एक दिवाणाच्या खणात मिळाला, दोन मिळेचनात. कबीरला रागवून उपयोग नव्हता, म्हणून माझी आई त्याला म्हणाली, "आगगाडी कुठे कुठे जायची ते मला दाखव बरं." तो तिला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेला आणि तुळशीच्या कुंडीकडे बोट दाखवलं. मातीत उभा खोचलेला एक रूळ निघाला, बोगदा म्हणून! बरेच दिवस ओल्या मातीत असावा, कारण लाकूड फुगून त्याची खाच दुसऱ्या तुकड्यात बसेना. म्हणजे सोळा चांगले, एक बिघडलेला, एक गहाळ.

ओलीने लाकडी खेळण्यांचे हाल होतात हे मी विसरलेच होते. आकारांच्या पेटीच्या तळाला पांढरी बुरशी धरली होती. सायली ती बादलीत बुडवायला निघाली, मी थांबवलं. लाकूड पाण्यात भिजवलं की फुगतं आणि रंग सुटतो. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात फडकं पिळून घेतलं, पुसलं, कोरड्या फडक्याने परत पुसलं आणि दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवलं. कडक उन्हात ठेवलं तर तडकतं. इंजिनाच्या पोटातले सेल काढले तेव्हा एकाच्या टोकाशी पांढरट खार जमलेला दिसला, म्हणजे सेल गळायला लागला होता. अजून महिनाभर राहिला असता तर आतली पत्री खाऊन टाकली असती आणि इंजिनाची भरपाई पडली असती. खेळणं कपाटावर ठेवायचं तर सेल आधी बाहेर काढा, एवढं माझं ऐका.

१८ च्या रात्री हॉलमध्ये पांढरी चादर अंथरली, प्रत्येक तुकडा वेगळा मांडला आणि वरून फोटो काढला. कोड्याचे चोवीस तुकडे जोडून दाखवले, इंजिन चालू करून छोटा व्हिडिओ घेतला. बिघडलेल्या रुळाचा फोटो आम्ही स्वतःहून पाठवला आणि एक तुकडा हरवल्याचंही कळवलं. उद्या त्यांच्या गोदामात तिसरा तुकडा कमी निघाला असता तर त्या चादरीवरच्या फोटोवर बोट ठेवता आलं असतं.

माणूस दुपारी दीडला आला. गेटवरून वॉचमनचा फोन आला, "मॅडम, बॉक्स खाली ठेवून जा म्हणतोय, मी देतो त्याला." सायली हो म्हणणारच होती. मी तिला खाली घेऊन गेले. वॉचमनच्या हातात दिलेली वस्तू कंपनीला पोचली असं कोणी लिहून देत नाही, आणि मधल्या तासा-दोन तासांत काही झालं तर जबाबदारी आपलीच. त्या पोराला घाई होती, पण चांगला होता. आम्ही त्याच्यासमोर बॉक्स उघडला, तीन खेळणी दाखवली, त्याच्या ॲपवर 'परत मिळाले' अशी नोंद होईपर्यंत थांबलो आणि त्या स्क्रीनचा फोटो घेतला.

हिशोब असा आला. नोव्हेंबरचं भाडं १,५००. ७ ते १९ डिसेंबर, तेरा दिवस, दिवसाला ५० रुपयांनी ६५०. दोन रूळ प्रत्येकी ७५, म्हणजे १५०. एकूण २,३००. अनामतीतले ७०० सायलीच्या खात्यात ६ जानेवारीला जमा झाले, तोवर मी ब्रेमेनला परतले होते. तिने नोव्हेंबरच्या ७ तारखेआधी एक ईमेल टाकून खेळणी परत दिली असती तर रुळांचे १५० सोडून सगळे परत मिळाले असते. आणि तेही थोडं आधी कळवायला हवं होतं, कारण पुढचा बॉक्स पाच-सात दिवस आधीच भरून तयार होतो, आणि भरलेला बॉक्स थांबवायला कंपन्या कुरकुरतात.

या गडबडीत कबीरच्या दुसऱ्या बॉक्सची आठवण झाली, हस्तकला आणि छोट्या प्रयोगांचा, जो विकतच मिळतो. त्यात परत काही द्यायचं नसतं, तुकडे मोजायचे नसतात. पण तो वर्षभराचा, पैसे आधीच भरलेले, आणि चार बॉक्स बाकी होते. पैसे परत नाहीत असं नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून सायलीने ते मागण्यात वेळ घालवला नाही. फक्त विचारलं, की राहिलेले चार बॉक्स मोठ्या वयाच्या गटातले पाठवाल का. ते लगेच तयार झाले, नुसती मुलाची जन्मतारीख मागितली. नोंदणी करताना कबीर तीनचा होता आणि ते अजून त्याला तीनचाच धरून चालले होते. परवा तिने फोटो पाठवला: चार ते सहा वयाचा बॉक्स, आत कागदी कंदिलाचं सामान, आणि कबीर हातात कात्री घेऊन माझ्या आईच्या मांडीवर बसलेला.