पंधराशेच्या आतले तीन डबे

आमच्या कंपनीत दरवर्षी घटस्थापनेच्या आधी परचेस आणि सेल्सला एक मेल जातो, सणासुदीच्या भेटवस्तू आणि लाचविरोधी नियमांची आठवण करून देणारा. तो मी पाठवते. घटस्थापनेच्या आधीच का, तर चाकण पट्ट्यात व्हेंडरचे डबे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून फिरायला लागतात, आणि धनत्रयोदशीच्या आठवड्यात मेल गेला तर तोपर्यंत निम्मे डबे लोकांच्या घरी पोचलेले असतात. आमचं हेड ऑफिस दुसऱ्या शहरात आहे, तिथल्या लीगलच्या लोकांना हे कितीही सांगितलं तरी ते मजकूर फायनल करायला शेवटचा आठवडा उजाडवतात. त्यांचा मसुदा दोन पानी आणि वकिली भाषेत असतो, तो मी सरळ अर्ध्या पानावर आणते.

अर्ध्या पानात चार गोष्टी असतात. एका व्हेंडरकडून वर्षभरात मिळून १५०० रुपयांपर्यंतचं चालेल, त्याच्यावरचं परत. रोख, गिफ्ट व्हाउचर, सोन्याचांदीचं नाणं, हे १०० रुपयांचं असलं तरी नाही. घरच्या पत्त्यावर काही घ्यायचं नाही. आणि जे काही आलं, अगदी पेन किंवा लाडूचा पुडा जरी असला तरी रजिस्टरमध्ये नोंद: कोणत्या फर्मकडून, काय, अंदाजे किंमत, कुणाच्या हातून. ही चौथी गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त खुपते. सेल्सचे एक मॅनेजर तर तोंडावर म्हणाले, "मॅडम, काजूकतलीची पण हजेरी घेणार का तुम्ही?" हो, घेणार.

सेल्सला वेगळं समजवावं लागतं कारण त्यांची बाजू द्यायची आहे. खासगी गिऱ्हाइकाला डबा दिला तर प्रश्न त्याच्या आणि आपल्या कंपनीच्या नियमांचा. पण आमच्या गिऱ्हाइकांत एक सरकारी कंपनीही आहे, आणि तिचा अधिकारी कायद्यानं लोकसेवक ठरतो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे, आणि कंपनीच्या धंद्यासाठी कुणी दिली तर कंपनीवरही खटला चालतो. बचाव एकच, की आम्ही हे थांबवायला पुरेशी व्यवस्था ठेवली होती, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. म्हणून सेल्सच्या डबे द्यायच्या यादीतली त्या सरकारी कंपनीची नावं मी स्वतः बघून काढून टाकते आणि त्यावरून होणारी वादावादी अंगावर घेते.

पण हे लिहायला बसले ते परचेसच्या एका प्रकरणामुळे, जे अजून डोक्यातून जात नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी आमचा एक बायर, नवीनच जॉइन झालेला पोरगा, तीन डबे घेऊन माझ्या टेबलाशी आला. तीन वेगळ्या फर्मकडून सुकामेवा, प्रत्येकी चौदाशेच्या आसपास. "मॅडम, तिन्ही लिमिटमध्ये आहेत, नोंद करून नेऊ का?" रजिस्टरमध्ये त्यानं सगळे कॉलम भरले होते आणि "कुणाच्या हातून" या रकान्यात तिन्ही ओळींवर एकच नाव होतं. मी विचारलं, अरे हा एकटा माणूस तिन्ही फर्मचा कसा? तर म्हणाला, "माहीत नाही मॅडम, तोच आला होता, म्हणाला बाकीच्यांनी पण पाठवलंय."

तिन्ही फर्म आमच्याकडे पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्या. मी व्हेंडर मास्टरमधून तिघांचे जीएसटी नंबर काढले. या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दोन फर्मचे ते दहाच्या दहा सारखे होते. त्यानंतरचं एक अक्षर आणि त्यामुळे शेवटचं पडताळणीचं अक्षर, एवढंच वेगळं, म्हणजे एकाच पॅनवर राज्यात घेतलेली दुसरी नोंदणी. तिसरीचा पॅन वेगळा होता, पण जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की ट्रेड नेम सोडून लीगल नेम आणि धंद्याचा पत्ताही दिसतो, तर तिथे आडनाव तेच आणि पत्त्यात तोच गाळा. हे कुणालाही दोन मिनिटांत दिसलं असतं. व्हेंडर कोड उघडणाऱ्या आमच्या अकाउंट्सच्या लोकांनी ते कधीच बघितलं नाही, कागद पूर्ण आहेत ना एवढंच बघून टिक केलं.

म्हणजे वर्षाला एका देणाऱ्याकडून १५०० च्या जागी ४२०० च्या आसपास झाले, डबे परत, इथे विषय संपला असता. पण मला आठवलं की जुलैत खोक्यांचं रेट कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं होतं आणि त्याला तीन कोटेशन लागतात. फाइल मागवली. कम्पॅरिझन शीटवर हीच तीन नावं होती.

शीट उघडल्यावर डोळ्यांवर विश्वास बसेना. अकरा साइझचे खोके, आणि प्रत्येक साइझमध्ये दुसऱ्याचा दर पहिल्यापेक्षा ३ टक्के वर, तिसऱ्याचा ५ टक्के वर, पैशांच्या राउंडिंगचा फरक सोडला तर शेवटपर्यंत तसंच. खोक्यांच्या धंद्यात हे होऊच शकत नाही. प्रत्येकाच्या मशीनवर चालणाऱ्या कागदाच्या रोलची रुंदी वेगळी असते, खोक्याची शीट त्यावर बसवली की कडेला जी पट्टी वाया जाते ती साइझप्रमाणे बदलते, म्हणून एका साइझला हा स्वस्त पडतो तर दुसऱ्या साइझला तो. तीन खऱ्या कारखानदारांचे दर असे समांतर रेषेत कधी जात नाहीत. एकानं स्वतःचा दर काढला होता आणि बाकीचे दोन कॅल्क्युलेटरवर गुणून बनवले होते.

ती कोटेशन मागवली होती आधीच्या बायरनं, तो तोवर दुसऱ्या प्लांटला गेला होता. त्याला माहीत होतं की नाही हे चौकशीत सिद्ध झालं नाही. मला माझं मत आहे, पण मतावर कुणाला नोटीस देता येत नाही. दोन कोड ब्लॉक झाले, कॉन्ट्रॅक्टसाठी बाहेरच्यांकडून नवीन दर मागवले, बहुतेक साइझचे दर उतरले, दोन साइझचे किंचित वाढले, आणि ते वाढलेले बघून मला उलट बरं वाटलं. नवीन कोड उघडताना पॅन आधीच्या कुठल्या कोडशी जुळतो का हे आता सिस्टीमच अडवते.

त्या पोराला परचेसमधल्या काही जणांनी नंतर बरंच ऐकवलं, कशाला नेऊन दाखवलेस म्हणून. याचा मला फार राग आला आणि मी त्यांच्या मॅनेजरला तसं लेखी कळवलं. त्या पोरानं मेल वाचला आणि त्यात लिहिलंय तसं केलं, बस.

हेड ऑफिसकडून आता सूचना आलीय की रजिस्टर फार वाढतं, तेव्हा १५०० च्या वरचीच नोंद ठेवा, खालची बंद करा. ते तीन डबे १५०० च्या खालचेच होते. हा नियम गेल्या वर्षी असता तर एकही ओळ लिहिली गेली नसती, आणि ते कॉन्ट्रॅक्ट अजून चालू असतं. मी त्यांना कम्पॅरिझन शीट आणि रजिस्टरचं ते पान जोडून उत्तर पाठवलंय, आणि सोबत एक मागणी केलीय, की हा मेल परचेस-सेल्सपुरता न ठेवता स्टोअर्स आणि इनकमिंग इन्स्पेक्शनलाही मराठीत छापून लावू द्या, कारण लॉट पास करणारा माणूस तिथे बसतो आणि त्याच्याकडे कंपनीचा मेल आयडीच नाही. उत्तर घटस्थापनेच्या आत यायला हवं, मजकूर त्याच्यानंतर बदलून उपयोग नाही.