ब्रेकअपनंतर मैत्रिणीजवळ बसताना

"त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, 'विसर त्याला' म्हणायचं नाही. मग मैत्रिणीशी बोलायचं तरी काय?"

कमी बोलायचं, आणि जे बोलाल ते तिच्याबद्दल.

समजा, लातूरला हॉस्टेलवर राहणारी मुलगी आहे. दोन वर्षांचं नातं. त्याच्या घरच्यांनी जातीतलं स्थळ ठरवलं आणि त्यानं 'मला जमणार नाही' असा मेसेज टाकला. तिच्या घरी यातलं काहीच माहीत नाही, त्यामुळं आईशी ती नेहमीच्या आवाजात बोलते आणि फोन ठेवला की रडते. अशा वेळी तुम्ही 'नालायकच होता' म्हणालात, की ती म्हणते, 'तसा नव्हता गं तो.' झालं, दुःख बाजूला राहतं आणि ती त्याची वकिली करत बसते. शिवाय चार दिवसांनी दोघं परत बोलायला लागले, तर ते ती तुमच्यापासून लपवते. पुन्हा मोडलं तर रडायला तुमच्याकडं येणार कशी?

तीच शिव्या द्यायला लागली तर देऊ द्या, आपली एक जोडू नका. 'खोटारडा आहे' म्हणाली तर विचारा, 'समोर येऊन नाही बोलला, हे लागलं का तुला?' अंदाज चुकला तरी चालतो. ती दुरुस्त करते: 'नाही गं, घरचं आधीच ठरलेलं होतं, मला शेवटी सांगितलं.' खरं दुखणं हे असतं. आता गप्प बसा. ही शांतता आपल्याला सोसत नाही, म्हणून 'होईल सगळं ठीक' तोंडातून निघतं. त्यानं सुटका आपली होते, तिची नाही.

'काही लागलं तर सांग' म्हणू नका, ती सांगणार नाही. मेसचा डबा घेऊन जा, ताट वाढा, म्हणा, 'मी जेवायलेय, दोन घास तूबी खा.'

तरीही त्यानं चूक केली असेल तर गप्प बसायचं का, असं तुम्ही विचारालच. मारहाण असेल, फोटो पसरवायची धमकी असेल, तर 'हे चूक आहे' असं स्पष्ट म्हणा आणि ते मेसेज डिलीट करू देऊ नका. 'जगून काय करू' म्हणाली तर सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाली तर एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा आणि रेक्टरला सांगा. तिनं कुणाला सांगू नको म्हटलं असलं तरी.

उरतो जुन्या चॅटचा प्रश्न. तोच मेसेज ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवते, 'याचा अर्थ काय असेल?' सुरुवातीला ऐकावं. पण तुम्हीही सोबत अर्थ लावत बसलात, की जखम रोज उकरली जाते. 'अर्थ मला नाही सांगता येणार, चल खाली चक्कर मारू' म्हणावं. मात्र हे नेमकं कधी म्हणायचं, यावर माझं मत अजून पक्कं नाही. लवकर म्हटलं की तिला वाटतं, हिला कंटाळा आला.