खिरीचा वास आणि फणसाचा डाव

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या भटारखान्यात मी श्रावणात गेले, ती एका चमत्कारिक तक्रारीमुळे. मुलींचे म्हणणे असे होते की खिरीला आणि शिऱ्याला वास येतो, भाजी-आमटीला मात्र येत नाही. सामुदायिक स्वयंपाकघरांची स्वच्छता तपासणे हे माझे काम आहे. मी पोहोचण्यापूर्वीच व्यवस्थापकांनी दूध, रवा आणि तूप बदलून पाहिले होते, आणि तरीही वास कायम होता. त्यामुळे पदार्थांपेक्षा भांड्यांकडे आधी पाहावे, असे मी ठरवले.

भांडी स्टीलची होती आणि स्वच्छ होती. ओट्याच्या कोपऱ्यात एका उंच डब्यात लाकडी डाव, सागवानी उलथणी आणि बांबूची उलथणी दांडा खाली करून उभी ठेवलेली होती. डब्याच्या तळाला भोके नव्हती; डबा तिरका केला तेव्हा तळाशी साचलेले गढूळ पाणी ओट्यावर आले. व्यवस्थापक लगेच म्हणाले, "मॅडम, हे सगळे लाकूड आजच फेकून देतो." मी त्यांना थांबवले, कारण सगळे फेकले असते तर वास कशाचा होता हे कळले नसते आणि नवे चमचेही त्याच डब्यात उभे राहिले असते.

वास शोधण्याची माझी रीत साधी आहे. प्रत्येक चमचा वेगळ्या भांड्यात ठेवायचा, तोंडाचा भाग बुडेल इतके उकळते पाणी ओतायचे, वर ताटली ठेवायची आणि दहा मिनिटांनी ताटली उचलून वाफ हुंगायची. गार चमचा हुंगून बहुधा काही कळत नाही. उष्णतेने लाकडातले वासाचे घटक बाहेर येतात. बांबूच्या उलथण्याच्या वाफेला ओल्या मातीसारखा कुबट वास होता, पण फणसाच्या मोठ्या डावाच्या वाफेला कुबट नव्हे, तर खवट वास आला, म्हणजे जुन्या तळणीच्या तेलाचा. मुलींनी ज्या वासाची तक्रार केली होती तो हाच, हे खीर ढवळणाऱ्या मावशींनी ताटली उचलताच ओळखले.

डाव टिकावा म्हणून मावशी त्याला दर आठवड्याला शेंगदाणा तेल चोळत असत. हेतू चांगला होता, परंतु शेंगदाणा तेल लाकडात मुरल्यावर सुकून घट्ट होत नाही. ते छिद्रांत ओलसरच राहते, हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावते आणि खवट होते. डावाचा पृष्ठभाग बोटाला किंचित चिकट लागत होता, ही त्याचीच खूण. दूध आणि तूप गरम असताना हे मुरलेले खवट तेल बाहेर ओढून घेतात, आणि खिरीत किंवा शिऱ्यात तो वास झाकण्याइतका तिखट मसाला नसतो. भाजी-आमटीत तो वास फोडणीखाली दबून जात होता, इतकेच.

डाव वाचवण्याचा प्रयत्न आम्ही केला. गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने तो घासला, पुसून सावलीत वाळवला, पॉलिश पेपरने वरचा थर काढला आणि पुन्हा वाफेची परीक्षा घेतली. वास कमी झाला, पण गेला नाही. लाकडातल्या नलिका लांबीच्या दिशेने उसाच्या कांडीतल्या धाग्यांसारख्या धावतात आणि जिथे त्या आडव्या कापल्या जातात, म्हणजे डावाच्या ओठाशी आणि दांड्याच्या टोकाशी, तिथून तेल आणि पाणी बाजूंपेक्षा कितीतरी खोल शिरते. तिथले तेल घासून निघत नाही. डाव टाकून द्यावा लागला.

बांबूच्या उलथण्यांचा दोष वेगळा होता. तोंडाचा भाग बरा होता, पण पाण्यात उभ्या राहिलेल्या दांड्याच्या टोकाला काळे ठिपके आणि पांढुरका मऊ लव होती; ती बुरशी. बांबूची बाहेरची साल कठीण व मेणचट असते, पण आतल्या बाजूच्या मऊ भागात पिष्ट असते आणि तेच बुरशीचे खाद्य. त्यात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकूड नुसत्या हवेतूनच आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी धरून ठेवते. कोकणातल्या पावसाळ्यात चमचा धुऊन ठेवला की तो आपोआप वाळेल, ही अपेक्षाच चूक आहे.

काळेपणा दिसला की बुरशीच, असेही नाही. सागवानी उलथण्याचे तोंड निळसर काळे पडले होते आणि व्यवस्थापक त्यालाही बुरशी म्हणत होते. ते लोखंडी कढईत वापरले जात असे. सागातल्या टॅनिनचा ओलाव्यात लोखंडाशी संयोग झाला की असा रंग येतो. लिंबू चोळून थोडा वेळ ठेवल्यावर डाग बराच फिका झाला आणि वाफेला वासही नव्हता. बुरशीचा डाग लिंबाने असा सहज उतरत नाही. ते उलथणे आम्ही ठेवले.

भेगा शोधण्यासाठी मी चिमूटभर हळद तेलात कालवून चमच्यांवर चोळली आणि लगेच फडक्याने पुसली. भेग असेल तिथे पिवळी रेघ उरते. नख अडकत नाही अशी उथळ रेघ पॉलिश पेपरने निघते. नख अडकते, रेघ ओठापासून आत गेली आहे किंवा मानेशी आहे, तर चमचा बदलावा, कारण तिथले अन्न घासणी बाहेर काढू शकत नाही. पट्ट्या चिकटवून केलेल्या बांबूच्या उलथण्याचा जोड उकलला असेल तर घासत बसू नये. इथल्या बऱ्याच भेगांचे कारणही सापडले: चमचे रात्रभर मोरीतल्या पाण्यात भिजत आणि सकाळी घाईने शेगडीच्या कडेवर वाळवले जात. बाहेरचा थर वाळून आक्रसतो, आतला फुगलेलाच असतो, आणि त्या ताणाने टोके फाटतात.

मावशींनी विचारले, "मग तेल लावायचेच नाही का?" खाण्याचे, कच्चे जवसाचे तेल चालते, कारण ते हवेत हळूहळू घट्ट होते, मात्र चमचा पूर्ण कोरडा हवा, थर पातळ हवा, जादा तेल पुसून टाकावे आणि काही आठवडे उघड्यावर वाळू द्यावे. हे काम वैशाखात करावे, श्रावणात नव्हे. हार्डवेअरच्या दुकानातले उकळलेले जवसाचे तेल नको, त्यात सुकवणारी धातूची संयुगे असू शकतात. आणि तेल पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेटू शकते. ते पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवावे.

डब्याऐवजी भिंतीला आडवी जाळी लावण्यात आली. धुतलेले चमचे पुसून त्यावर पंख्याखाली सुटे ठेवायचे. नवे डाव घेताना मी व्यवस्थापकांबरोबर बाजारात गेले. चकचकीत वॉर्निशचे आम्ही बाजूला ठेवले. मानेजवळ ज्यांच्या लाकडाच्या रेषा दांड्याच्या दिशेने न जाता तिरप्या बाहेर पडत होत्या तेही सोडले, कारण असा डाव जाड खीर ढवळताना नेमका मानेशी तुटतो. सरळ रेषांचे, एकाच लाकडातून कोरलेले आणि कोरडे वाजणारे डाव निवडले. त्यांतला एक मावशींनी फक्त दुधाच्या पदार्थांसाठी वेगळा काढला आणि दांड्याला ओळखीसाठी खाच पाडून घेतली.