माईकवर चुकीची टीम फायनलला पाठवली त्या रविवारची गोष्ट

मी नाशिकमध्ये शनिवार-रविवार टेनिस बॉल टूर्नामेंटला स्कोअरिंग करतो. आठवडाभर अंबडला कंपनीत असतो आणि सुट्टीच्या दिवशी मंडपात टेबल, लॅपटॉप, एक रजिस्टर आणि माईक. दिवसाचे थोडे पैसे मिळतात, दुपारची मिसळ मिळते, वर शिव्या फुकट. आजवरच्या सगळ्यात जास्त शिव्या ज्या दिवशी खाल्ल्या त्या दिवसाबद्दल लिहितोय, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा मी कमावलेल्या होत्या.

टूर्नामेंट दहा-दहा ओव्हरची. एका ग्रुपमध्ये चार टीम, प्रत्येकीच्या तीन मॅच, जिंकलं की दोन पॉईंट आणि ग्रुपमधली फक्त पहिली टीम फायनलला. टीमची नावं सांगत बसत नाही, कोण कुठली त्यावरून पंचवटी, सिडको, नाशिकरोड आणि सातपूर म्हणू. रविवारी दुपारी ग्रुपची शेवटची मॅच होती, सिडको विरुद्ध नाशिकरोड. पंचवटीच्या तिन्ही मॅच झाल्या होत्या, दोन जिंकल्या एक हरले, चार पॉईंट. सिडकोचे दोन मॅचमध्ये दोन विजय, म्हणजे ही जिंकली तर सहा पॉईंट आणि विषय संपला.

नाशिकरोडने ७९ केल्या. ८० करायच्या होत्या, आणि सिडकोवाले ज्या पद्धतीने सुटले ते बघून मला वाटलं सात ओव्हरमध्ये घरी जातील. गेले खरे लवकर पण आऊट होऊन. प्रत्येकजण मिडविकेटला सिक्स मारायला जातोय आणि दोरीच्या आत कॅच देतोय, आठव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलला ६३ वर ऑल आऊट.

आता दोघांचे चार-चार पॉईंट. नियमाच्या कागदावर लिहिलेलं होतं की पॉईंट सारखे झाले तर नेट रन रेट. लॅपटॉपवर माझी एक्सेल तयार होती, मी ६३ टाकले, ८ ओव्हर टाकल्या, एंटर मारलं. सिडको अधिक ०.५९९, पंचवटी उणे ०.१३७. उघड उघड फरक, तपासायचं काय त्यात? घेतला माईक आणि सांगून टाकलं की सिडको फायनलला. तिकडे ढोल सुरू, त्यांच्या पोरांनी गुलाल आधीच आणून ठेवलेला होता.

आमच्याकडे एक रिटायर्ड अंपायर काका येतात, नुसते बसायला. आयुष्यभर रजिस्टरमध्ये स्कोअर लिहिलेला माणूस. ते चहाचा कप घेऊन टेबलापाशी आले आणि म्हणाले, "सिडकोची शेवटची मॅच किती ओव्हरची लिहिली रे?"

"आठ काका. आठ ओव्हरमध्ये आऊट झाले ना."

"त्यांना खेळायला किती होत्या?"

"दहा."

"मग दहाच लिही."

माझ्या पोटात गोळा आला कारण हा नियम मला माहिती होता. माहिती असणं आणि एक्सेलमध्ये घातलेला असणं यात फरक आहे हे त्या क्षणी कळलं.

नेट रन रेट म्हणजे काय तर पूर्ण स्पर्धेत तुम्ही एका ओव्हरला सरासरी किती रन केल्या, त्यातून समोरच्यांनी तुमच्याविरुद्ध एका ओव्हरला किती केल्या ते वजा. सगळ्या मॅचच्या रनची एक बेरीज, सगळ्या ओव्हरची एक बेरीज, मग भागाकार. प्रत्येक मॅचचा वेगळा रेट काढून त्यांची सरासरी घ्यायची नसते, ती चूक पण लोक खूप करतात. एवढंच गणित. पण त्यात एक मेख आहे, टीम ऑल आऊट झाली तर तिने खेळलेल्या ओव्हर धरायच्या नाहीत, तिला मिळालेल्या पूर्ण ओव्हर धरायच्या. कारण सरळ आहे. सिडकोने ६३ रन आठ ओव्हरमध्ये केल्या असं धरलं तर रेट येतो ७.८७५. ७९ करून मॅच जिंकणाऱ्या नाशिकरोडचा रेट ७.९. म्हणजे सोळा रननी हरलेली टीम रेटमध्ये जवळपास बरोबरीला! आणि अजून पुढे जा, चार ओव्हरमध्ये ४० वर सगळे आऊट झाले असते तर रेट दहा, म्हणजे जिंकणाऱ्यांपेक्षा भारी. दहा विकेट घालवल्या म्हणजे उरलेल्या ओव्हर तुम्हीच फुकट घालवल्या, त्या तुमच्याच खात्यात.

काकांनी रजिस्टर उघडलं आणि कागदावर सगळं परत मांडायला लावलं, ओव्हरमध्ये नाही तर बॉलमध्ये. ते का ते पण सांगतो. ९.३ ओव्हर म्हणजे नऊ ओव्हर तीन बॉल, म्हणजे साडेनऊ. एक्सेलला ते कळत नाही, ती ९.३ ला नऊ पूर्णांक तीन दशांशच समजते आणि तसंच भागते. माझ्या शीटमध्ये ही दुसरी चूक पण गपचूप बसलेली होती. बॉल मोजले की हा घोळच होत नाही, शेवटी सहाने गुणलं की झालं.

पंचवटी आधी. नाशिकरोडविरुद्ध दहा ओव्हरमध्ये ८०, समोरून दहा ओव्हरमध्ये ७१. सातपूरला त्यांनी ७.३ ओव्हरमध्ये ५० वर गुंडाळलं आणि ५१ करायला ८.२ ओव्हर घेतल्या. सिडकोशी हरले, यांच्या दहा ओव्हरमध्ये ७४, सिडकोने ९.३ मध्ये ७६. केलेल्या रन २०५, बॉल ६० अधिक ५० अधिक ६०, म्हणजे १७०. रेट ७.२३५. दिलेल्या रन १९७. बॉल? नाशिकरोडचे ६०, सिडकोचे ५७, आणि सातपूरचे ४५ नाही तर ६०, कारण ते ऑल आऊट झाले होते. एकूण १७७, रेट ६.६७८. वजाबाकी केली, अधिक ०.५५७.

बघा, मी सातपूरच्या ओव्हर साडेसात धरल्यामुळे पंचवटीच्या बॉलरनी जे चांगलं काम केलं त्याचीच त्यांना शिक्षा मिळत होती. लवकर आऊट केलं म्हणून रेट बिघडला!

आता सिडको. पंचवटीविरुद्ध ५७ बॉलमध्ये ७६, समोरून ६० मध्ये ७४. सातपूरविरुद्ध ६० मध्ये ८३, समोरून ६० मध्ये ७३. आणि आजची ६३, बॉल ४८ नाही, ६०. समोरून ६० मध्ये ७९. केलेल्या २२२ रन १७७ बॉलमध्ये, ७.५२५. दिलेल्या २२६ रन १८० बॉलमध्ये, ७.५३३. उत्तर उणे ०.००८.

दोनदा केलं, तेच आलं. फायनलला पंचवटी.

मी काकांना विचारलं पण, की बॉलवाली चूक नुसती सुधारली असती तर? तर सिडको ०.५३९ आणि पंचवटी उणे ०.०६१, म्हणजे निकाल तोच चुकीचा राहिला असता. आकडे थोडे हलले असते आणि मला वाटलं असतं की झालं बाबा शीट बरोबर. खरा घोळ ऑल आऊटच्या रकान्यात होता. तेव्हापासून कुणाचीही शीट हातात आली की आधी ऑल आऊट झालेली मॅच शोधतो, तिथे ओव्हरचा आकडा पूर्ण कोट्यापेक्षा कमी दिसला की समजायचं गडबड आहे.

परत माईक घेताना हात थरथरत होता खोटं कशाला बोलू. सांगितलं. ढोल थांबला. पहिले दहा मिनिटं काय काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग सिडकोचा कॅप्टन टेबलाशी आला, डोक्यावर गुलाल तसाच, आणि म्हणाला, "दादा, आम्ही पंचवटीला हरवलंय. समोरासमोर. मग हे कसे वर?"

मुद्दा चुकीचा नव्हता. काही स्पर्धांमध्ये आधी आपसातली मॅच बघतात मग रेट. पण आमच्या कागदावर रेट पहिला होता आणि त्यावर त्याचीच सही होती. मला स्वतःला विचाराल तर चार टीमच्या ग्रुपमध्ये आपसातली मॅच आधी बघावी, तीन मॅचच्या रेटमध्ये एखाद्या खराब दिवसाचं वजन फार होतं. पण नियम स्पर्धेच्या आधी बदलतात, गुलाल उधळल्यावर नाही.

काकांनी त्याला अफगाणिस्तानची गोष्ट सांगितली. एशिया कप २०२३, लाहोर, श्रीलंकेच्या २९१. अफगाणिस्तानला पुढे जायला ३७.१ ओव्हरमध्ये २९२ हव्या होत्या, आणि नेमका ३७.१ वर त्यांचा नववा गडी २८९ वर गेला. त्यांना वाटलं संपलं. संपलं नव्हतं, कारण थोडे बॉल जास्त गेले तरी शेवटी सिक्स बसून स्कोअर २९२ च्या पुढे गेला असता तर रेट तरीही पुरला असता, ३७.४ पर्यंत २९५ चाललं असतं. पण शेवटच्या बॅट्समनने दोन बॉल नुसते अडवले आणि तिसऱ्यावर आऊट, समोर राशिद खान उभा. त्यांच्या कोचनेच नंतर सांगितलं की हे गणित त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

कॅप्टनला त्या गोष्टीत काडीचा रस नव्हता. त्याला एकच पाहिजे होतं. "आम्ही आऊट न होता दहा ओव्हर खेळून काढल्या असत्या तर? हरलो असतो तरी चाललं असतं ना?"

हा प्रश्न मात्र लाखाचा. मी परत कागद घेतला. दहा ओव्हर खेळून ६३ वरच थांबले असते तर काहीच फरक नाही, ओव्हर तशाही दहाच धरल्यात. समजा ७८ केल्या, एका रनने बरोबरी हुकली. मग केलेल्या रन २३७, बॉल १७७, रेट ८.०३४, त्यातून ७.५३३ गेले, ०.५०१. पंचवटीचे ०.५५७. म्हणजे हरून ते वर जाऊच शकत नव्हते, ७९ ला टाय झाली असती तर पॉईंटवर गेले असते आणि ८० ला जिंकलेच असते. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्यांचं गणित एका ओळीचं होतं, हरायचं नाही. ते मी त्यांना सांगू शकलो असतो, माझ्याकडे पंचवटीचे आकडे सकाळपासून होते, फक्त चुकीचे होते.

त्याने मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला, २३७ ला सहाने गुणलं, १७७ ने भागलं, वजा केलं. ०.५०१ आलं. मोबाईल खिशात टाकला.

"मग आधी माईकवर कशाला बोंबललास?"

याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. काकांनी माझा चहा त्याच्यापुढे सरकवला.