४२.६ ला लाट नाही, ३७.८ निकषात

एप्रिलचा शेवटचा आठवडा. संध्याकाळी साडेपाचची निरीक्षणं आली आणि तीन कमाल तापमानं एकाखाली एक मांडली गेली: विदर्भातलं एक केंद्र ४५.२, मध्य महाराष्ट्रातलं ४२.६ आणि कोकण किनाऱ्यावरचं ३७.८ अंश. पहिलं आणि तिसरं उष्णतेच्या लाटेच्या निकषात बसत होतं, मधलं नाही. आमच्या हवामान कार्यालयातले फोन थांबेनात. सगळ्यांचा सूर एकच, ‘आम्ही भाजून निघतोय आणि तुम्ही म्हणता लाट नाही?’

भारतीय हवामान विभागाच्या निकषात आधी उंबरठा येतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. तो ओलांडल्यावर त्या तारखेच्या सरासरीशी फरक पाहायचा: ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. मैदानी भागासाठी दुसरीही वाट आहे. पारा ४५ ला पोचला की सरासरी न विचारता लाट, ४७ ला तीव्र.

आता त्या संध्याकाळचं गणित. किनाऱ्यावरच्या केंद्राची सरासरी ३३.१, म्हणजे फरक ४.७. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे वाहत राहिले आणि समुद्रावरचा वारा दुपारी दोननंतर आत शिरला. एरवी तो अकराच्या सुमाराला येऊन पारा रोखतो. विदर्भातल्या केंद्राची सरासरी ४२.४, फरक जेमतेम २.८. तिथे फक्त फरकाचा नियम लावला असता तर ४६.९ पर्यंत वाट पाहावी लागली असती, म्हणून ४५ ची वाट ठेवलेली आहे. मध्य महाराष्ट्राची सरासरी ३८.३, फरक ४.३. दोन दशांशांनी हुकलं.

हे दोन दशांश कुठून आले ते सांगतो, कारण ‘तुम्ही आकडा कमी केला’ हा आरोप त्यावरूनच झाला. निरीक्षकाने तापमापकांच्या झडपांच्या पेटीचं, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीनचं, उत्तरेकडचं दार उघडून, डोळा पाऱ्याच्या टोकाच्या अगदी समोर आणून कमाल तापमापक वाचला, ४२.८. डोळा तिरका राहिला तरी वाचन चुकतं. प्रत्येक तापमापकासोबत तपासणीचं प्रमाणपत्र असतं आणि त्यात तापमानानुसार दुरुस्ती लिहिलेली असते. या तापमापकाची या पट्ट्यातली दुरुस्ती उणे ०.२, म्हणून नोंद ४२.६. कोणीतरी कच्चं वाचन बाहेर सांगितलं होतं. ४२.८ मधून ३८.३ वजा केले की बरोबर ४.५ येतात, मग काय, बातमी तयार.

त्यात गाडीच्या डॅशबोर्डवरचे आणि मोबाइलमधले आकडे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. तो सेन्सरचा बिघाड निघाला, पण बातमी तोवर सर्वदूर गेली होती. नव्या स्वयंचलित केंद्रांची दुसरी अडचण म्हणजे त्यांच्याकडे तीस वर्षांच्या नोंदी नसतात. सध्याची सरासरी १९९१ ते २०२० या काळाची आहे. सरासरीच नसेल तर फरक कशातून काढणार? अशा केंद्राचा आकडा छापून ‘लाट आली’ म्हणणाऱ्यांना हे समजावून घसा बसतो. शिवाय तापलेली दशकं नव्या सरासरीत आली की सरासरी वर सरकते आणि तेवढ्याच उन्हाचा फरक कमी दिसतो. हे मात्र मलाही खटकतं.

एका केंद्राने निकष गाठला म्हणजे लाट जाहीर झाली असंही नाही. हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस निकष पूर्ण व्हावा लागतो. घोषणा दुसऱ्या दिवशी. कोकणात त्या दिवशी दुसरं केंद्र ३६.९ वर अडलं, उंबरठ्याला एक दशांश कमी. दुसऱ्या दिवशी समुद्री वारा साडेदहालाच आला, तापमान ३५ वर उतरलं आणि प्रकरण मिटलं. घामाने जीव नकोसा झाला होता, पण या निकषात आर्द्रतेला जागा नाही. विदर्भात दोन्ही दिवस अनेक केंद्रं ४५ च्या वर राहिली, लाट जाहीर झाली.

मध्य महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशी ४३.० झालं, फरक ४.७, आणि शेजारचं आणखी एक केंद्रही निकषात आलं. पण तो त्यांचा पहिला दिवस धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले, पारा ४०.४ वर थांबला. त्या उपविभागाच्या नोंदीत लाटेचा एकही दिवस नाही. खरं तर पिवळा इशारा दोन दिवस आधीच गेला होता. इशारा अंदाजावर देतात, घोषणा मोजमापानंतर होते. तरी एका सरकारी कार्यालयातून तिन्ही दिवस एकच प्रश्न येत राहिला, ‘लाट जाहीर झाली का? झाली की मजुरांची वेळ बदलतो.’